पन्नाशीची रेघ कधी ओढली?

‘प्रस्तावनेत भाकितं कशाला? प्रस्तावना ही आधीच्या संशोधनाची ओळख करून देण्याची जागा. आकडे-बिकडे पद्धतीच्या भागात टाका.’ लोअर परळच्या आमच्या ऑफिसात तपासणीसाठी आलेल्या एका मसुद्याच्या समासात हा शेरा होता. शेरा लिहिणारे ज्येष्ठ शल्यविशारद आहेत, त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आराखडे वाचण्याच्या कामात ते इतक्यांदा समोर येतं की आता त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

मसुदा ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’साठी होता. नेहमीच्या शोधनिबंधात माहिती गोळा होते, निकाल लागतो आणि मग लेख लिहून नियतकालिकाकडे जातो. रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये प्रस्तावना, पद्धती आणि विश्लेषणाचा आराखडा माहिती गोळा करण्याआधीच परीक्षकांकडे जातो. त्यांना प्रश्न महत्त्वाचा आणि आराखडा भक्कम वाटला, तर निकाल काहीही लागो, लेख छापण्याचं तत्त्वतः आश्वासन मिळतं. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये ही रीत सुरू केली. तिची मुख्य अट अशी की मंजुरीनंतर प्रस्तावनेला हात लावायचा नाही. ‘करणार आहोत’चं ‘केलं’ करायचं, बाकी वाक्यं तशीच राहतात.

पुढचा सगळा वाद या अटीतून निघतो. प्रस्तावना गोठणार असेल, तर तिच्यात जे संदिग्ध राहिलं तेही गोठतं आणि निकालानंतर ज्याला जसं सोयीचं तसं वाचलं जातं.

मसुद्याचा विषय परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने केलेल्या एका मोठ्या कामाशी जोडलेला होता, म्हणून आधी त्या कामाबद्दल. १९९८ मध्ये टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. वीस वस्त्या निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची नोंद झाली. एका गटातल्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने केली. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, एक्स-रे नाही. दुसऱ्या गटाला सुरुवातीला कर्करोगाची माहिती दिली आणि पुढे घरोघरी जाऊन नोंदी ठेवल्या. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आला. डॉ. इंद्रनील मित्रा त्याचे पहिले लेखक. एवढ्या स्त्रियांचा एवढी वर्षं माग ठेवणं हे जगात कुठेही अवघड काम आहे, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर फारच.

निकाल काय लागला? स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू दर लाख स्त्री-वर्षांमागे तपासणीच्या गटात २०.८२ आणि दुसऱ्या गटात २४.६२. म्हणजे मृत्युदर १५ टक्क्यांनी कमी. पण गुणोत्तर ०.८५ आणि त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.७१ ते १.०१. वरची मर्यादा एकाच्या जरा पलीकडे गेली, पी-मूल्य ०.०७ आलं. ठरलेल्या कसोटीवर ही घट सिद्ध झाली नाही. मग लेखकांनी वयानुसार दोन भाग करून पाहिले. पन्नास आणि त्यावरच्या स्त्रियांत गुणोत्तर ०.७१ (मर्यादा ०.५४ ते ०.९४), म्हणजे जवळपास ३० टक्के घट. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत ०.९३ (मर्यादा ०.७९ ते १.०९), म्हणजे ठोस काही नाही.

लेखकांनी या वाटणीला सारांशातच ‘पोस्ट हॉक’, म्हणजे मागाहून केलेली, म्हटलं आहे. त्यांचा प्रामाणिकपणा इथे स्पष्ट दिसतो. माझी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. १५ टक्के मागे राहिले, ३० टक्के पुढे झाले आणि ‘मागाहून’ हा शब्द वाटेत गळाला. आमच्याकडे आलेल्या मसुद्यात तो नव्हताच. तिथे वाक्य असं होतं: ‘प्राथमिक आरोग्यसेविकांनी केलेली स्तनतपासणी विशेषतः प्रौढ वयाच्या स्त्रियांमध्ये उपयुक्त ठरू शकते, असे पुरावे सुचवतात. प्रस्तुत अभ्यासात ही शक्यता पडताळून पाहिली जाईल.’

वाचायला गुळगुळीत वाक्य. परीक्षकही मान डोलावून पुढे जाईल. आता हे वाक्य खोटं ठरवून दाखवा. ‘ठरू शकते’ कधीच खोटं ठरत नाही. ‘उपयुक्त’ म्हणजे मृत्यू कमी होणं की गाठ लवकर सापडणं? ‘प्रौढ’ म्हणजे ४५, ५० की ५५? आणि ‘पडताळून पाहिली जाईल’ म्हणजे नेमकं काय केलं जाईल? निकालाच्या दिवशी यातलं जे जुळेल ते ‘आम्ही आधीच म्हटलं होतं’ म्हणून उभं करता येतं. वरातीमागून घोडं आणायचं आणि वरात त्याच्यावरूनच निघाली होती असं सांगायचं, तसा हा प्रकार.

शल्यविशारदांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पन्नाशीबद्दल होता आणि तो टाळून चालणार नाही. त्यांचं म्हणणं: पन्नास ही कुणी हवेतून काढलेली रेघ नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्तनाची घडण बदलते. मॅमोग्राफीच्या वादात चाळिशीतल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया हा भेद कित्येक वर्षं चालत आलेला आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत केवळ चाळिशीतल्या स्त्रियांच्या तपासणीवर तज्ज्ञांची मोठी परिषद भरली होती. मग मुंबईत तोच भेद दिसला, तर त्यात शंका कसली?

मला हे सगळं मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की भेद इतका उघड होता, तर तो आराखड्यात आधी लिहायला काय हरकत होती? एक ओळ शाई लागली असती. लिहिलं असतं, तर ०.७१ हा आज भाकिताचा कौल असता. न लिहिल्यामुळे तो एक चांगला सुगावा आहे. जीवशास्त्राची गोष्ट निकालानंतर नेहमीच सापडते, हाही अनुभव आहे. उलट निकाल लागला असता, तरुण स्त्रियांत फायदा आणि वयस्क स्त्रियांत नाही, तरी तरुण वयातल्या वेगाने वाढणाऱ्या गाठी लवकर पकडल्याचा फायदा असं तितकंच पटणारं स्पष्टीकरण आपण दिलं असतं. दोन्ही निकालांना सारखंच बसणारं स्पष्टीकरण कोणत्याही एका निकालाचा पुरावा होत नाही.

उपगटांच्या मोहावर वैद्यकशास्त्रातला उत्तम टोमणा १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनने जीव वाचतात, हे तिने सतरा हजारांवर रुग्णांत दाखवलं. वेगवेगळ्या उपगटांचे आकडे द्यावेत असा आग्रह झाला, तेव्हा लेखकांनी राशींप्रमाणेही वाटणी छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटाच. पन्नाशी ही राशीसारखी निरर्थक नाही, हे उघड आहे. पण निरर्थक रेघेवरही असा फरक दिसतो, हे लक्षात ठेवून अर्थपूर्ण रेघेकडे पाहावं.

शिवाय मुंबईच्या आकड्यांत एक गोष्ट आहे जी मसुदा लिहिणाऱ्यांनी पाहिली नव्हती. पन्नाशीवर घट सिद्ध, पन्नाशीखाली असिद्ध. यावरून दोन वयोगटांत फरक आहे असं ते धरून चालले होते. तसं निघत नाही. दोघांतला फरक खरा आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. छापलेल्या मर्यादांवरून तो कागदावर ढोबळ करता येतो. ०.७१ ला ०.९३ ने भागलं की सुमारे ०.७६ येतात, मर्यादा साधारण ०.५५ ते १.०५. एक हा आकडा आत आहे. दोन्ही वयोगट त्याच वस्त्यांमधले असल्यामुळे हा हिशोब अचूक नाही, पण दिशा कळायला पुरेसा आहे. पन्नाशीने फरक पडतो, हेच अजून पक्कं नाही.

म्हणून वाक्यातला ‘विशेषतः’ हा शब्द सर्वांत महागडा आहे. ‘पन्नाशीवर फायदा होतो’ हे एक विधान आणि ‘पन्नाशीवर जास्त फायदा होतो’ हे दुसरं. दुसरं तपासायचं तर पन्नाशीखालच्या स्त्रियाही अभ्यासात हव्यात. दोन सारख्या गटांत मूळ परिणामाएवढाच फरक पकडायचा, तरी साधारण चौपट माणसं लागतात. मसुद्यात नोंदणी फक्त ५० ते ६४ वयाची होती. म्हणजे प्रस्तावना जे म्हणत होती ते तो अभ्यास कधीच तपासू शकला नसता. ही विसंगती पद्धतीच्या भागात दिसली नसती, कारण तिथे वय, संख्या, कालावधी सगळं नीट होतं. ती प्रस्तावनेतल्या एका क्रियाविशेषणात लपली होती. ‘भाकितं पद्धतीत टाका’ या सल्ल्याला माझा विरोध इथून सुरू होतो.

आता पुनर्लेखन. पहिला निर्णय वयाचा. पन्नास वर्षं नोंदणीच्या दिवशीची की निदानाच्या दिवशीची? किरकोळ वाटणारा हा प्रश्न निकाल फिरवू शकतो. मुंबई चाचणीत निदानाचं सरासरी वय तपासणीच्या गटात ५५.१८ आणि दुसऱ्या गटात ५६.५० होतं. तपासणीमुळे निदान सव्वा वर्षाहून थोडं आधी झालं. तपासणीचा हेतूच तो. मग जिचं निदान एरवी साडेपन्नासाव्या वर्षी झालं असतं, तिचं तपासणीच्या गटात एकोणपन्नासाव्या वर्षी होतं आणि ती रेघेच्या अलीकडे येते. निदानाच्या वयावर वाटणी केली, तर तपासणीच माणसं एका खान्यातून दुसऱ्या खान्यात हलवते आणि आपण त्याला परिणाम म्हणतो. म्हणून वय नोंदणीच्या दिवशीचंच, आणि ते प्रस्तावनेत.

दुसरा निर्णय मापाचा. मृत्यू मोजायचे म्हटलं, तर ०.७१ एवढी घट पकडायलाही सुमारे २७० मृत्यू लागतात. दर लाख स्त्री-वर्षांमागे तीसच्या आसपास मृत्यू धरले, तर एक लाख स्त्रियांवर नऊ वर्षं लक्ष ठेवावं लागेल. एकाच वस्तीतल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, त्यासाठीची वाढ वेगळी. त्यात मागाहून सापडलेला आकडा सहसा फुगलेला असतो. खरी घट १५ टक्केच असेल, तर लागणारे मृत्यू बाराशेच्या घरात जातात. हे आवाक्याबाहेर आहे. म्हणून मसुद्याने रोगाच्या टप्प्यावर भर दिला होता, ते योग्यच.

पण टप्पा मोजायचा कसा? मुंबईत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं, हा आकडा सगळे देतात. ही टक्केवारी सापडलेल्या कर्करोगांपैकी आहे. तपासणीने नुसते लवकरचे जास्त कर्करोग शोधले आणि उशिराचे एकानेही कमी झाले नाहीत, तरी ही टक्केवारी खाली येते. मुंबईत तसं झालेलं नाही. प्रत्यक्ष संख्या २७१ विरुद्ध २२० आहे; दर लाख स्त्रियांमागे साधारण ३५६ विरुद्ध २९२. उशिराचे कर्करोग खरोखरच कमी झाले. पण नव्या अभ्यासात तसं होईलच असं नाही, म्हणून माप ‘दर लाख स्त्री-वर्षांमागे उशिराच्या टप्प्यातले कर्करोग’ असंच आधी बांधावं लागतं. ज्यांचा टप्पा नोंदलाच गेला नाही, त्यांचं काय, हेही. त्यांना वगळलं तर कोणत्या गटात नोंदी जास्त गहाळ, यावर निकाल हलतो. मुख्य हिशोबात त्यांना उशिराच्या टप्प्यात धरायचं आणि वगळून केलेला हिशोब शेजारी द्यायचा, असं एकदा ठरवून टाकावं.

तिसरा निर्णय तुलनेचा. १९९८ मध्ये दुसऱ्या गटाला हाताची तपासणी नव्हती. आज तसं करता येणार नाही, कारण २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी अपेक्षित आहे. म्हणजे आजची तुलना दोन वर्षं विरुद्ध पाच वर्षं अशी होते. मग मुंबईचा ०.७१ उचलून प्रस्तावनेत अपेक्षित परिणाम म्हणून टाकणं हे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर या प्रश्नाला चिकटवणं झालं. अपेक्षा लहानच धरायला हवी.

चौथा निर्णय हिशोबाच्या रीतीचा. ‘योग्य संख्याशास्त्रीय पद्धती वापरल्या जातील’ हे वाक्य मी दिसेल तिथे खोडतो. मसुद्यातही वस्त्या वीसच आहेत आणि चिठ्ठ्या वस्त्यांच्या निघणार आहेत, बायकांच्या नाहीत. लाखभर नोंदी असल्या, तरी तुलना दहा वस्त्यांची दहा वस्त्यांशीच आहे. एवढ्या कमी वस्त्यांत काही प्रचलित पद्धती चूक-मर्यादा खऱ्याहून अरुंद दाखवतात आणि नसलेला परिणाम सिद्ध होतो. म्हणून एकच रीत नेमकी लिहायची: प्रत्येक वस्तीचा दर काढायचा, त्याचा लॉगरिदम घ्यायचा, दोन गटांच्या सरासरींची टी-चाचणी करायची, मुक्तांश अठरा. दुसऱ्या रीतीने वेगळा निकाल आला तर तो छापा, पण कौल पहिलीचाच.

एवढं झाल्यावर प्रस्तावनेचा शेवट असा झाला:

‘पन्नाशीवरच्या स्त्रियांतील फायदा मुंबई चाचणीत मागाहून केलेल्या विश्लेषणात दिसला, तो आम्ही सिद्ध धरत नाही. आमचे भाकीत असे: नोंदणीच्या दिवशी ५० ते ६४ वय असलेल्या स्त्रियांत, दर दोन वर्षांनी तपासणी होणाऱ्या वस्त्यांमध्ये सहा वर्षांत तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील स्तनकर्करोगाचा दर, दर पाच वर्षांनी तपासणी होणाऱ्या वस्त्यांपेक्षा कमी असेल. गुणोत्तराची वरची ९५ टक्के मर्यादा १ च्या खाली असेल, तर भाकीत टिकले. खालची मर्यादा ०.९ च्या वर असेल, तर कार्यक्रम बदलण्याजोगी घट नाही. दोन्ही घडले, तर घट आहे, पण उपयोगी पडेल एवढी नाही. दोन्हींपैकी एकही घडले नाही, तर अभ्यास अनिर्णीत. पन्नाशीखालच्या स्त्रियांबद्दल हा अभ्यास काहीही सांगत नाही.’

शेवटचं वाक्य काढून टाका, असा शेवटपर्यंत आग्रह होता. ते राहिलं. ‘अनिर्णीत’ या शब्दावरही नाराजी होती. पण वस्त्या वीस आणि तुलना दोन वर्षं विरुद्ध पाच वर्षं अशी असताना तोच निकाल येण्याची शक्यता बरीच आहे, आणि ती परीक्षकाला आधी दिसली, तर तो वस्त्या वाढवा म्हणेल. निकालानंतर हा सल्ला देऊन काही उपयोग नाही.

‘याने हात बांधले जातात, नवं काही सापडायचंच नाही’ हा आक्षेप मला लटका वाटतो. सापडलेलं सगळं छापता येतं, फक्त ‘शोधक विश्लेषण’ या मथळ्याखाली. टाटाच्या लेखकांनी पन्नाशीची वाटणी तशीच छापली आणि म्हणूनच त्यावर नवा अभ्यास रचता येतो. आक्षेपांमधले दोन मात्र खरे आहेत. एक, परीक्षणाचे कित्येक महिने माहिती गोळा करण्याआधी जातात. तीन वर्षांत प्रबंध संपवायचा असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे परवडत नाही. त्याला आराखडा तारखेसह कुठेतरी नोंदवून ठेवणं एवढंच सांगावं. दुसरा, जिथे अजून कुणाला काहीच माहीत नाही, तिथे ओढूनताणून भाकीत लिहवून घेणं हाही खोटेपणाच आहे. त्या अभ्यासाने सरळ सांगावं की आम्ही मोजायला निघालो आहोत, भाकीत नाही.

रीतीने काय फरक पडतो, याचा एक आकडा मानसशास्त्रातून. शील, शायेन आणि लाकेन्स यांनी २०२१ मध्ये पाहिलं, तर नेहमीच्या शोधनिबंधांत पहिलं भाकीत ९६ टक्के वेळा खरं ठरत होतं आणि रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. दोन्हींकडचे प्रश्न सारखेच अवघड होते असं म्हणता येत नाही, म्हणून सगळी तफावत रीतीच्या नावे जमा करता येणार नाही. तरी माणसाची अटकळ शंभरात शहाण्णव वेळा बरोबर येते, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही.

पन्नाशीचा प्रश्न त्या २०२१ च्या लेखात सुटलेला नाही. १५ टक्के घट आणि १.०१ पर्यंतची मर्यादा हा त्या चाचणीचा निकाल आहे, आणि कुठेही द्यायचा तर तोच द्यावा. राष्ट्रीय कार्यक्रमातलं ३० हे वय आणि पाच वर्षांचं अंतर, या दोन्हींपैकी कशाचीही कसोटी मुंबईच्या त्या वीस वस्त्यांत झालेली नाही.